मोघम शेऱ्याची पाठराखण पुरे झाली

विद्यापीठांच्या विभागांत एक मत फार जुने आहे. ते मांडणारे बहुतेक जण मनापासून शिकवणारे शिक्षक असतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते. मत असे: लघुप्रबंधाच्या समासात ‘ओघ सुधारा’, ‘अधिक चिकित्सक व्हा’, ‘मांडणी विस्कळीत’ एवढेच लिहावे. काय बिघडले आहे ते विद्यार्थ्याने स्वतः शोधावे, कारण त्या शोधातच तो लिहायला शिकतो. सगळे उलगडून सांगणे म्हणजे घास भरवणे, आणि घास भरवलेला विद्यार्थी पुढे संशोधक होत नाही. याला नेहमी आणखी एक कारण जोडले जाते: इतक्या ड्राफ्टांवर इतके सविस्तर लिहायला वेळ कोणाकडे आहे?

माझ्या मते यातला वेळेचा मुद्दा खरा आहे आणि त्याकडे मी शेवटी येईन. ‘मोघम शेरा विचार करायला लावतो’ हा दावा मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत विद्यार्थी दर सत्राला मोजतात.

शेरा मिळाल्यावर विद्यार्थी नेमके काय करतो, ते आधी पाहू. ‘ओघ सुधारा’ वाचून तो प्रकरण पुन्हा उघडतो आणि वाक्यांच्या सुरुवातीला ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘परंतु’, ‘या पार्श्वभूमीवर’ असे शब्द घालत जातो. दुसरा ड्राफ्ट पहिल्यापेक्षा लांब होतो आणि वाचायला अधिक जड. ‘अधिक चिकित्सक व्हा’ वाचून तो पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात प्रत्येक अभ्यासाखाली एक ओळ जोडतो: ‘या अभ्यासाचा नमुना लहान आहे’, ‘या अभ्यासाला काही मर्यादा आहेत’. टीका केल्यासारखे दिसते, पण त्या ओळीमुळे त्याचा स्वतःचा निष्कर्ष तसूभरही हलत नाही. ही मुले आळशी नसतात. सांगितलेल्या दोन शब्दांतून जेवढे काढता येण्यासारखे होते, तेवढे त्यांनी काढलेले असते.

याचे कारण ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये सोप्या रीतीने मांडले. शेऱ्याचा उपयोग व्हायचा तर विद्यार्थ्याकडे तीन गोष्टी लागतात. चांगले काम कसे दिसते याची कल्पना, आपले काम त्याच्या शेजारी ठेवून पाहता येणे, आणि दोहोंतले अंतर कमी करण्यासाठी काय करायचे ते माहीत असणे. ‘ओघ सुधारा’ हा शेरा अंतर आहे एवढेच कळवतो. ज्याला ओघवता परिच्छेद कसा बांधला जातो हे आधीच ठाऊक आहे, त्याला तेवढे पुरते. अनुभवी सहकाऱ्याच्या लेखावर असे दोन शब्द लिहिले तर तो बरोबर जागी हात घालतो. विद्यार्थ्याकडे पहिली गोष्टच नसते. म्हणून तर तो विद्यार्थी आहे. म्हणजे मोघम शेरा ज्याला शेऱ्याची गरज सर्वांत कमी त्याच्या कामाचा, आणि गरज सर्वांत जास्त त्याच्या निरुपयोगी. विचार करायला लावण्यासाठी विचाराला धरायला जागा द्यावी लागते.

अमेरिकेत नॅन्सी सोमर्स यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ शिक्षकांचे शेरे तपासले. त्यांना आढळले की बहुतेक शेरे एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर ठेवले तरी चालतील असे होते. जणू रबरी शिक्का मारावा तसे. ही कसोटी कोणत्याही मार्गदर्शकाला घरबसल्या लावता येते. आपला शेरा वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या प्रबंधावर जसाच्या तसा बसतो का? बसत असेल, तर समोरचा परिच्छेद आपण वाचला की नाही हे विद्यार्थ्याला त्यावरून कळायला मार्ग नाही.

आता प्रत्यक्ष काम करून पाहू. उदाहरण महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे घेते, कारण अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा तिन्ही विभागांत तिच्यावर लघुप्रबंध लिहिले जातात. पुढचा परिच्छेद मी या लेखासाठी रचला आहे, पण अशा घडणीचे परिच्छेद कोणत्याही मार्गदर्शकाच्या ओळखीचे असतील.

‘महाराष्ट्रात १९७२ मध्ये भीषण दुष्काळ पडला. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. १९७७ मध्ये कायदा संमत झाला. शहरांतील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जातो. दुष्काळी कामांवर लाखो मजूर होते. कायद्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाली. मजुरांना कामाचा हक्क मिळाला.’

एकही विधान खोटे नाही. व्याकरणाची चूक नाही. तरी वाचताना प्रत्येक पूर्णविरामाशी ठेच लागते आणि मार्गदर्शकाची लेखणी आपोआप ‘ओघ सुधारा’कडे वळते. ती ठेच खरी आहे. लिहिण्याआधी एकच काम करायचे राहिले: ठेच कुठे लागली आणि कशामुळे, ते पाहणे.

प्रत्येक वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द अधोरेखित करा आणि फक्त तेवढेच वाचा. महाराष्ट्रात, वि. स. पागे, १९७७ मध्ये, शहरांतील नोकरदार, दुष्काळी कामांवर, कायद्याची अंमलबजावणी, मजुरांना. सात वाक्ये, सात नव्या सुरुवाती. मागच्या वाक्यात आलेली कोणतीही गोष्ट हातात धरून पुढचे वाक्य सुरू होत नाही, म्हणून वाचक सात वेळा नव्याने उभा राहतो. बहुतेक भाषांत वाचकाला आधी ओळखीचे आणि मग नवे अशा क्रमाने वाचणे सोपे जाते. मराठीत हे आणखी स्पष्ट जाणवते, कारण आपल्या साध्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि त्याच्या लगेच आधीच्या शब्दावर वजन पडते. ‘मजुरांना कामाचा हक्क मिळाला’ यात जोर हक्कावर आहे. ‘कामाचा हक्क मजुरांना मिळाला’ यात तो मजुरांवर सरकतो. पुढचे वाक्य हक्काविषयी असेल तर पहिली रचना हवी, मजुरांविषयी असेल तर दुसरी. विद्यार्थ्याला हे एकदा दाखवून दिले की त्याच्या लक्षात राहते. ‘ओघ’ या शब्दातून ते त्याला कधीच कळणार नव्हते.

पण वाक्यांची टोके जुळवून एवढ्यावर थांबले तर अर्धेच काम होते. दुसरा दोष खोलवर आहे. हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो ते त्याच्या लेखकाने ठरवलेलेच नाही. दुष्काळ, पागे, कर, कायदा ही सारी माहिती टिपणवहीतून ज्या क्रमाने सापडली त्या क्रमाने उतरली आहे. व्यवसाय कराचे वाक्य मध्येच लटकते, कारण कराचा रोजगार हमीशी काय संबंध ते कुठेच सांगितलेले नाही. आणि तो संबंध तर कळीचा आहे: १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यातून येणारा पैसा या योजनेसाठी होता. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेल्या रकमेवर खेड्यातल्या मजुराची हमी उभी राहिली. असा दुवा असताना परिच्छेदात त्या वाक्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे.

दोन दोष, दोन दुरुस्त्या, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा. प्रश्न ठरल्याशिवाय वाक्ये जोडायला घेतली तर ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’च हाती लागतात. म्हणून मी समासात असे लिहीन:

‘तुझी सात वाक्ये सात वेगळ्या गोष्टींपासून सुरू होतात, प्रत्येकाचे पहिले दोन-तीन शब्द अधोरेखित करून फक्त तेवढे वाचून पाहा. त्याआधी एक काम कर. हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो ते वर एका वाक्यात लिही. मला वाटते प्रश्न असा असावा: दुष्काळातली तात्पुरती मदत कायमचा हक्क कशी झाली? तुझा प्रश्न वेगळा असेल तर तो लिही. मग व्यवसाय कराचे वाक्य त्या उत्तरात काय भर घालते ते ठरव; त्यावरून त्याची जागा मिळेल. जोडशब्द सगळ्यांत शेवटी.’

हा शेरा वाचून विद्यार्थिनी काय करेल? तिच्या हातात तीन कामे आहेत आणि प्रत्येक काम झाले की नाही हे तिला स्वतःला तपासता येते. वाक्य एकही मी लिहून दिलेले नाही. दुसरा ड्राफ्ट साधारण असा येऊ शकतो:

‘१९७२ च्या दुष्काळात लाखो मजूर सरकारी कामांवर आले. ही कामे मदत म्हणून सुरू झाली होती आणि दुष्काळ सरला की थांबणार होती. अशा कामांना हमीचे रूप देण्याची कल्पना वि. स. पागे यांनी मात्र दुष्काळाच्या आधीच मांडली होती. ती कल्पना राज्यभर राबवायची तर दरवर्षी खात्रीचा पैसा लागणार होता. तो पैसा १९७५ च्या कायद्याने शहरांतील नोकरदारांवर बसवलेल्या व्यवसाय करातून आला. पैशाची अशी सोय झाल्यावर १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून मजुरांना कामाचा कायदेशीर हक्क मिळाला.’

ओघ आला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट वर आली, आणि मोघम शेऱ्याच्या समर्थकांनी तिच्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. ‘पैशाची अशी सोय झाल्यावर कायदा संमत झाला’ हे वाक्य आता एक दावा करते. पैसा आधी आला आणि कायदा नंतर, एवढेच तिला म्हणायचे आहे, की पैसा आला म्हणून कायदा होऊ शकला? आधीच्या ड्राफ्टमध्ये हा प्रश्न विचारायलाच जागा नव्हती, कारण दोन वाक्ये एकमेकांना शिवत नव्हती. वाक्ये जोडली की त्यांच्यातला कार्यकारणाचा दावा उघडा पडतो, आणि उघड्या दाव्याला पुरावा मागता येतो. ओघ आणि चिकित्सा हे दोन वेगळे शेरे म्हणून लिहिण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात पहिले नीट झाल्याशिवाय दुसरे सुरूच होत नाही. विद्यार्थिनीला ‘चिकित्सक हो’ सांगण्याची योग्य वेळ आता आली आहे. ते कसे सांगायचे, हा पुढचा प्रश्न.

त्यासाठी त्याच प्रबंधातला पुढचा भाग घेऊ. रोजगार हमीवरची मजुरी किमान वेतनाशी जोडलेली होती आणि १९८८ मध्ये ती साधारण दुप्पट झाली. त्यानंतर योजनेखाली झालेल्या कामाचे मनुष्यदिवस बरेच घटले. विद्यार्थिनी लिहिते: ‘१९८८ नंतर मनुष्यदिवसांची संख्या घटली. यावरून ग्रामीण भागात कामाची गरज कमी झाल्याचे दिसते. योजना आपले उद्दिष्ट साध्य करण्यात यशस्वी ठरली असे म्हणता येईल.’

इथे ‘अधिक चिकित्सक व्हा’ लिहिले तर दुसऱ्या ड्राफ्टमध्ये बहुधा एक वाक्य वाढेल: ‘मात्र योजनेत गैरव्यवहारही झाले.’ वाक्य खरे असेलही. पण दोष जिथे आहे तिथे ते पोचत नाही.

दोष पहिल्या आणि दुसऱ्या वाक्याच्या मधल्या उडीत आहे. मनुष्यदिवसांचा आकडा हजेरीपटावरून येतो, आणि हजेरीपटावर नाव चढते ते काम मिळालेल्याचे. तहसील कचेरीत काम मागायला आलेला आणि काम न मिळता परत गेलेला माणूस त्या पटावर कुठेच नसतो. म्हणजे आकडा सांगतो की किती काम दिले गेले. विद्यार्थिनी त्यातून वाचते की किती काम हवे होते. हमीच्या योजनेत हे दोन आकडे एकच असायला हवेत, कारण मागेल त्याला काम हीच हमी. पण तसे झाले का, हाच तर तपासायचा प्रश्न आहे. तो गृहीत धरून ती निष्कर्षावर जाते.

आकडा घटण्याची निदान दोन कारणे संभवतात. १९८७ चे साल देशभर कोरडे गेले होते आणि १९८८ चा पाऊस चांगला झाला. पावसाळा बरा गेला की शेतात काम असते आणि रोजगार हमीकडे कमी लोक वळतात. हे कारण विद्यार्थिनीच्या बाजूचे आहे. दुसरे कारण उलट बाजूचे. मजुरी दुप्पट झाली की सरकारला प्रत्येक मनुष्यदिवस दुप्पट महाग पडतो. खर्चाचा हात तेवढाच ठेवला तर कामे कमी निघणार, आणि काम मागणाऱ्यांपैकी काही जण परत जाणार. त्यात मजुरी वाढल्याने काम मागणारे वाढलेले असण्याचीच शक्यता अधिक. पहिल्या कारणाने आकडा घटला असेल तर हमी शाबूत राहिली. दुसऱ्याने घटला असेल तर हमी मोडली. आकडा दोन्हीकडे एकच.

मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये नेमका याच दरवाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना रोजगाराची हमी देते का, असा त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकाचाच प्रश्न होता. दरवाढीनंतर मागणीपेक्षा कमी काम दिले गेले, म्हणजे कामाचे एक प्रकारे रेशनिंग झाले, अशा निष्कर्षाकडे ते आले. त्यांच्या निष्कर्षावरही आक्षेप घेता येतो, घ्यावा. पण आक्षेप घेण्यासाठी आधी या दोन कारणांतला फरक दिसायला हवा.

आता समासात लिहायचा शेरा:

‘मनुष्यदिवस दिलेले काम मोजतात, मागितलेले काम मोजत नाहीत. परत गेलेला मजूर हजेरीपटावर नसतो. म्हणून “गरज कमी झाली” हे या आकड्यावरून निघत नाही. आकडा घटण्याची आणखी कोणती कारणे असू शकतात ते लिही. १९८८ च्या पावसाचा आणि योजनेवरच्या खर्चाचा विचार कर. मग असा पुरावा शोध की जो एका कारणात एक दिसेल आणि दुसऱ्या कारणात वेगळा. तो मिळाला नाही तर निष्कर्ष तेवढा आखडता घे: काय घटले ते सांग, का घटले ते खुले ठेव.’

शेवटचे दोन पर्याय मी मुद्दाम लिहिते. चिकित्सक लेखन म्हणजे प्रत्येक वेळी नवा पुरावा शोधून काढणे, असे विद्यार्थ्यांना वाटते आणि एम. ए.च्या एका वर्षात ते शक्य नसल्याने ते हात टेकतात. पुराव्याला जेवढे पेलते तेवढेच म्हणणे हीसुद्धा चिकित्सा आहे, आणि ती एका संध्याकाळी करता येते. खर्चाचे आकडे मिळाले तर मात्र तिला बरेच करता येईल. मजुरी दुप्पट होऊनही वर्षाचा एकूण खर्च फारसा वाढलेला नसेल, तर पैशाच्या मर्यादेचे कारण बळावते. आणि घट चांगल्या पावसाच्या वर्षापुरतीच असेल व पुढच्या कोरड्या वर्षी आकडा पुन्हा वर गेला असेल, तर पावसाचे कारण बळावते.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ‘चिकित्सक’ या मागणीचा अर्थ विषयागणिक बदलतो. अर्थशास्त्राच्या प्रबंधात वरची चिकित्सा लागते: आकडा काय मोजतो, दुसरे कारण कोणते. इतिहासात दप्तर कोणी, कोणासाठी ठेवले हे आधी विचारले जाईल. साहित्यात समीक्षकाचा अर्थ कादंबरीतल्या कोणत्या जागांवर टिकतो आणि कोणत्या जागी तुटतो, हे पाहावे लागेल. ब्रिटनमधील मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की चांगले लेखन शिक्षक ओळखतात, पण ते कशाने चांगले झाले हे सांगताना अडखळतात, आणि ‘मांडणी’, ‘युक्तिवाद’ असे त्यांचे शब्द आपापल्या विषयाच्या सवयींनी भरलेले असतात. दोन विभागांत तास करणाऱ्या विद्यार्थ्याला एकच शब्द दोन अर्थांनी ऐकू येतो आणि तो वेगळा आहे हे कोणी सांगत नाही. मोघम शेऱ्याचे समर्थक विद्यार्थ्याने ‘स्वतः शोधावे’ म्हणतात तेव्हा तो प्रत्यक्षात विषयाविषयी काहीच शोधत नसतो. सरांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत असतो.

आता घास भरवण्याच्या आरोपाकडे. तो गंभीर आहे, पण चुकीच्या जागी लावला जातो. घास भरवणे म्हणजे काय ते मला दिसते: मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचे वाक्य खोडून वर स्वतःचे लिहिणे. तसे केले की विद्यार्थी ते टाइप करून आणतो, परिच्छेद सुधारतो, आणि पुढचे प्रकरण जसेच्या तसे विस्कळीत येते. वर दिलेल्या दोन्ही शेऱ्यांत मी वाक्य दिलेले नाही. दोष कुठे आहे ते दाखवले, वाचकाचे काय होते ते सांगितले, आणि दुरुस्ती झाली की नाही हे तपासायची रीत दिली. वाक्य तिने लिहायचे, निष्कर्ष तिने काढायचा. पहिल्या शब्दांच्या अधोरेखनाची रीत तर ती पुढच्या प्रकरणात माझ्याशिवाय वापरू शकते.

उलट, मोघम शेराच शेवटी घास भरवायला लावतो. पहिल्या ड्राफ्टवर ‘ओघ सुधारा’. दुसऱ्यावर ‘अजून सुधारणा हवी’. तिसऱ्या वेळी सबमिशनची तारीख आठवड्यावर आलेली असते, विद्यार्थी रडकुंडीला आलेला असतो, आणि मार्गदर्शक शेजारी बसवून घेऊन वाक्ये सांगू लागतात: ‘हं, लिहा.’ स्वावलंबन शिकवण्याच्या नावाने सुरू झालेली गोष्ट इथे येऊन संपते. हे मी अनेक विभागांत पाहिले आहे आणि ज्यांनी असे केले ते वाईट शिक्षक नव्हते. पहिल्या ड्राफ्टवर दहा मिनिटे अधिक दिली असती तर ती वेळ आली नसती, एवढेच म्हणणे आहे.

माझ्या बाजूलाही मर्यादा आहे. नेमका शेरा चुकीचा असू शकतो. ‘तुझा प्रश्न असा असावा’ असे मी लिहिते तेव्हा माझा प्रश्न तिच्यावर लादला जाण्याचा धोका असतो, आणि नम्र विद्यार्थिनी तो निमूट स्वीकारते. म्हणून ‘तुझा वेगळा असेल तर तो लिही’ हे शब्द मी शिष्टाचार म्हणून घालत नाही. ती खरोखर वेगळा प्रश्न घेऊन आली तर माझा शेरा मागे घ्यायची तयारी लागते. पण नेमक्या शेऱ्याशी वाद तरी घालता येतो. ‘सर, हजेरीपटावर नसलेल्यांची नोंद मला दुसरीकडे सापडली’ असे विद्यार्थी म्हणू शकतो. ‘अधिक चिकित्सक व्हा’ या शेऱ्याला तो काय उत्तर देणार?

राहिला वेळ. मार्गदर्शकाकडे एका सत्रात बरेच ड्राफ्ट येतात, तासिका असतात, नॅकची कागदपत्रे असतात, परीक्षेचे पेपर असतात. प्रत्येक परिच्छेदावर वरच्यासारखा शेरा लिहिणे अशक्य आहे आणि लिहूही नये. प्रकरणात चाळीस ठिकाणी ओघ तुटत असेल तर त्यांतले एकच ठिकाण निवडावे, तिथे वरच्या तपशिलाने लिहावे, आणि खाली नोंद करावी: ‘अशीच अडचण या प्रकरणात आणखी आहे, तीन जागा तू शोध आणि दुरुस्त करून आण.’ समर्थकांना हवा असलेला शोध इथे खरोखर घडतो, कारण काय शोधायचे हे आता तिला माहीत आहे. वाचायला लागणारा वेळ तोच राहतो. लिहायला थोडा वाढतो, आणि तिसरा-चौथा ड्राफ्ट वाचण्याचा वाचतो.

वेळ वाचवायची दुसरी जागा शुद्धलेखनाची आहे. ज्या परिच्छेदाचा निष्कर्षच बदलायला सांगितला आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त करण्यात मार्गदर्शकांचा पुष्कळ वेळ जातो. सोमर्स यांनी याकडेही लक्ष वेधले होते: एकाच पानावर ‘हा मुद्दा नव्याने मांडा’ आणि स्वल्पविरामाची दुरुस्ती असे दोन्ही दिसले की विद्यार्थ्याला परस्परविरोधी निरोप मिळतात. परिच्छेद जायचा आहे की राहायचा? बहुतेक जण सोपा निरोप उचलतात. ते स्वल्पविराम दुरुस्त करतात आणि परिच्छेद तसाच ठेवतात. पहिल्या ड्राफ्टवर शुद्धलेखन सोडून द्यावे; ते शेवटच्या वाचनाचे काम आहे.

कधी कधी शेरा मोघम राहतो, कारण वाचणाऱ्यालाच दोष नेमका सापडलेला नसतो. काहीतरी खटकते, पण काय ते कळत नाही. असे होणे साहजिक आहे. अशा वेळी खटकले ते जसे खटकले तसे लिहावे: ‘इथपर्यंत मला वाटत होते की तू कराविषयी बोलते आहेस. या वाक्याला मी गोंधळले आणि दोन वाक्ये मागे गेले.’ यात निदान नाही, उपाय नाही, पण जागा आहे आणि वाचकाला काय झाले ते आहे. ‘ओघ सुधारा’पेक्षा ते विद्यार्थ्याला कितीतरी अधिक सांगते आणि लिहायला एक मिनिट लागते.

पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांचे प्रकरण याहून कठीण आहे. यूजीसीच्या नियमांनुसार त्यांना ठरावीक काळाने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. समितीच्या अहवालात ‘अधिक चिकित्सक विश्लेषण आवश्यक’ असे एक वाक्य पडते, सह्या होतात, आणि विद्यार्थी ते वाक्य घेऊन पुढचे सहा महिने बसतो. समितीतले सदस्य परगावचे असले तर विचारायचे कोणाला हाही प्रश्न असतो. या अहवालात प्रत्येक सूचनेपुढे पान क्रमांक, तिथले वाक्य आणि त्या वाक्याला कोणता पुरावा कमी पडतो एवढे लिहिणे समितीला बंधनकारक करावे. हा बदल विभागाच्या पातळीवर एका बैठकीत ठरू शकतो. त्यासाठी नवा अध्यादेश लागत नाही आणि पैसाही लागत नाही. ज्या सदस्याला पान क्रमांक देता येत नाही, त्याची सूचना अहवालात जाऊ नये.